थांबल्याची जागा तीच, चालत्याची रेघ तीच

इंद्रधनुष्याचे रंग विचारले की मराठी शाळेत शिकलेला माणूस, वय काहीही असो, ‘तानापिहिनिपाजा’ म्हणून मोकळा होतो. सात अक्षरांत सात रंग, तेही क्रमाने. न्यूटनचे तीन नियम मात्र असे आद्याक्षरांत बसत नाहीत. तिथे लक्षात ठेवायची असतात ती नावे नव्हेत, अटी असतात. कशावर, केव्हा, किती, कोणत्या दिशेने, हे सगळे एका दमात सांगावे लागते आणि नेमके तेच निसटते.

राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिलाच धडा गतीच्या नियमांचा आहे. मुले व्याख्या घोकतात, पण परीक्षेपर्यंत त्यातला कोणता भाग शिल्लक राहतो ते पाहण्यासारखे असते. पहिल्या नियमातले ‘स्थिर वस्तू स्थिर राहते’ राहते. सरळ रेषेतील एकसमान गतीचे काय, ते गळून पडते. दुसऱ्या नियमाचे F = ma पक्के असते, पण ‘संवेग परिवर्तनाचा दर’ यातला दर हरवतो. तिसऱ्यातले ‘क्रिया तशी प्रतिक्रिया’ तर घरोघरी माहीत आहे, मात्र ती दोन बले दोन वेगळ्या वस्तूंवर असतात हे फारच थोड्यांच्या ध्यानात असते. म्हणून यमक जुळवायचेच असेल तर जे गळते त्याचे जुळवावे. जे आपोआप लक्षात राहते त्याला चाल लावून काय मिळणार?

त्यासाठी छोट्या अभंगाचा साचा मला सर्वांत सोयीचा वाटतो. साधारण आठ-आठ अक्षरांचे चरण आणि शेवटी यमक. हा ठेका मुलांच्या कानात आधीपासून असतो. शिवाय व्याख्येतला एखादा शब्द राहिला तरी वाक्य पुढे जाते आणि चूक कळत नाही. आठांतले दोन अक्षर राहिले की म्हणतानाच अडखळायला होते. पहिला नियम असा बसतो:

थांबल्याची जागा तीच, चालत्याची रेघ तीच;
जोर बाहेरचा हवा, वेग व्हावयास नवा.

यातली ‘रेघ’ कामाची आहे. एसटी अचानक थांबली की उभे प्रवासी पुढे जातात, हे उदाहरण सगळी मुले देतात. त्याऐवजी घाटातले वळण घ्या. गाडी उजवीकडे वळते आणि खिडकीशी बसलेला माणूस डावीकडे दाबला जातो. कारण विचारा, बहुतेक मुले लिहितात की त्याला बाहेर ढकलणारे बल लागले. जमिनीवर उभे राहून पाहिले तर असे कोणीही त्याला ढकललेले नाही. त्याचे शरीर आपल्या रेघेने सरळच निघाले होते, वळली ती गाडी. मग गाडीची डावी बाजू येऊन त्याला टेकली आणि तिने त्याला आत, उजवीकडे ढकलले. म्हणजे बल आहे, पण मुलाने लिहिले त्याच्या बरोबर उलट दिशेचे. ‘चालत्याची रेघ तीच’ एवढे तीन शब्द ओठावर असतील तर ही चूक करताना मूल थबकते.

या ओळींत एक उणीव आहे. पुस्तकातला नियम नुसते बाह्य बल म्हणत नाही, असंतुलित बाह्य बल म्हणतो. रस्सीखेचीत दोन्ही बाजूंनी प्राणपणाने ओढले जात असते आणि दोर जागचा हलत नाही. जोर बाहेरचा आहे, भरपूर आहे, तरी वेग नवा होत नाही. तेव्हा तिसरा चरण बदलून पाहू: ‘उरलेला जोर हवा’. अक्षरे आठच. एकमेकांना खोडून जो काही जोर उरतो तोच वेग बदलतो. ‘बाहेरचा’ हा शब्द गेला, हे खरे. त्याची भरपाई तोंडी करावी लागते: गाडीच्या आत बसून डॅशबोर्ड ढकलल्याने बंद गाडी पुढे जात नाही, खाली उतरूनच ढकलावी लागते. दोन्ही शब्द एका चरणात बसत नाहीत, आणि दोहोंतला ‘उरलेला’ मी ठेवीन, कारण पुढच्या नियमाला त्याचीच गरज आहे.

दुसऱ्या नियमाचे चरण:

जोर दुणा, वाढ दुणी; माल दुणा, वाढ उणी;
वेग नव्हे, पाहा वाढ, दर सेकंदाची काढ.

जोर म्हणजे अर्थातच उरलेला जोर आणि वाढ म्हणजे वेगात दर सेकंदाला पडणारी भर, पुस्तकातले त्वरण. ‘उणी’ हा शब्द इथे यमकासाठी आला आहे. नेमके सांगायचे तर वाढ निम्मी होते.

भाजीची हातगाडी घेऊन हिशेब करू. गाडी आणि भाजी मिळून १०० किलो. भाजीवाला ढकलतो आहे, चाकांचे आणि रस्त्याचे घर्षण मागे ओढते आहे, आणि वजावट होऊन पुढच्या दिशेला ५० न्यूटन बल उरले आहे. ५० भागिले १००, म्हणजे वेगात दर सेकंदाला अर्धा मीटर प्रतिसेकंद भर पडते. थांबलेली गाडी २ सेकंदांनी १ मीटर प्रतिसेकंद वेगाने जात असेल. उरलेला जोर १०० न्यूटन झाला तर वाढ दुप्पट, दर सेकंदाला १ मीटर प्रतिसेकंद. जोर ५०च ठेवून एकूण वस्तुमान २०० किलो केले तर वाढ पाव मीटर प्रतिसेकंद. ‘माल दुणा’ म्हणताना गाडीचे स्वतःचे वस्तुमानही मोजायचे असते. नुसती भाजी दुप्पट केली तर एकूण वस्तुमान दुप्पट होत नाही, आणि उदाहरण सोडवताना हे बरेचदा राहून जाते.

आता ‘वेग नव्हे, पाहा वाढ’ कशासाठी? तोच ५० न्यूटनचा जोर २ सेकंदांऐवजी ४ सेकंद राहिला तरी वेग २ मीटर प्रतिसेकंद होतो. जोर दुप्पट न होताच वेग दुप्पट झाला. ‘बल दुप्पट केल्यास वेग दुप्पट होतो’ हे वाक्य म्हणूनच अपुरे आहे. उलट बाजूने पाहा. गाडीने वेग पकडला, भाजीवाला आता ४० न्यूटनने ढकलतो आहे आणि घर्षणही ४०च न्यूटन आहे. उरला शून्य. गाडी थांबत नाही, आहे त्या वेगाने सरळ जात राहते. म्हणजे ती पुन्हा पहिल्या नियमात गेली. घामाघूम होऊन ढकलणाऱ्या माणसाकडे पाहून मुलांना हे पटत नाही. गती टिकवायला जोर लागतोच, असे रोजचा अनुभव त्यांना सांगत असतो. त्यांना घर्षण दाखवून द्यावे लागते, आणि ते काम चरणाचे नाही, फळ्यावरच्या दोन उलट बाणांचे आहे.

क्रिकेटमधला झेल याच नियमाचा. १६० ग्रॅमचा चेंडू २५ मीटर प्रतिसेकंद वेगाने आला तर त्याचा संवेग ४ किलोग्रॅम मीटर प्रतिसेकंद. ताठ हातांनी तो सेकंदाच्या शंभराव्या भागात थांबवला तर तळहाताला सरासरी ४०० न्यूटन सोसावे लागतात. हात मागे घेत घेत त्याच्या चौपट वेळ लावला तर १००. संवेगातला बदल तोच, दर कमी. ‘दर सेकंदाची काढ’ म्हणायचे ते यासाठीही.

तिसऱ्या नियमात ज्या अटी आहेत त्या अशा बांधल्या:

जोर जोडीनेच येती, दोन वस्तूंवर जाती;
दिशा उलट, माप तेच, वेळ दोघांचीही तीच.

शेवटचा चरण ‘आधी क्रिया, मग प्रतिक्रिया’ ही समजूत काढण्यासाठी आहे. आधी-नंतर काही नसते, दोन्ही बले एकाच क्षणी असतात. कशाला क्रिया म्हणायचे हेही आपण ठरवू तसे. पण सर्वांत महत्त्वाचा दुसरा चरण. तो नसेल तर बैलगाडीचे कोडे सुटत नाही. बैल गाडीला जितक्या जोराने पुढे ओढतो तितक्याच जोराने गाडी बैलाला मागे ओढते. मग दोन्ही खोडले जाऊन गाडी जागीच का राहत नाही? चुणचुणीत मूल हा प्रश्न विचारतेच, आणि त्याला उत्तर मिळाले नाही तर नियमावरचा त्याचा विश्वास उडतो.

खोडाखोडी एकाच वस्तूवरच्या बलांची होते. म्हणून एकेक वस्तू वेगळी काढायची. आधी फक्त गाडी. तिच्यावर पुढे बैलाची ओढ, मागे चाकांचे घर्षण. ओढ जास्त असेल तर उरलेला जोर पुढे आणि गाडी हलते. गाडी बैलाला किती ओढते हे इथे मोजायचेच नाही, ते बल गाडीवर नाही. आता फक्त बैल. त्याच्यावर मागे गाडीची ओढ. पुढे काय? बैल खुरांनी जमीन मागे रेटतो आणि त्या जोडीतले दुसरे बल, जमिनीचे, बैलाला पुढे रेटते. ते ओढीपेक्षा जास्त असेल तोवर बैलाचा वेग वाढतो. पावसाळ्यात चिखलात खूर घसरतो तेव्हा जमीन मागे रेटलीच जात नाही, मग तिच्याकडून पुढे रेटणेही मिळत नाही, आणि तोच धडधाकट बैल तीच गाडी काढू शकत नाही.

नियम पद्यात बांधून त्याचा उलगडा गद्यात करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धांतशिरोमणी श्लोकांत रचला आणि त्यावर स्वतःच गद्यात वासनाभाष्यही लिहिले. नववीच्या वर्गातही चरण पाठ व्हायला फार वेळ लागत नाही. वेळ या उलगड्याला द्यावा लागतो. आणखी एक सांभाळावे लागते. उत्तरपत्रिकेत जोर, माल, वाढ, रेघ हे शब्द चालत नाहीत. बल, वस्तुमान, त्वरण, सरळ रेषा असेच लिहायचे. चरण म्हणून झाला की लगेच त्याच्याखाली पुस्तकी शब्दांत नियम लिहून काढला तर ही अडचण येत नाही. फक्त चरण पाठ असलेल्या मुलाचे उत्तर वाचताक्षणी ओळखू येते, त्यात ‘असंतुलित’ हा शब्द नसतो.

चरण समजून म्हटला जातो आहे की नुसता तालात, हे पाहायला एक प्रश्न पुरतो. टेबलावर पुस्तक ठेवले आहे. पृथ्वी त्याला खाली ओढते, टेबल त्याला वर रेटते, दोन्ही बले सारखी आणि उलट. ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी आहे का? बहुतेक वर्ग ‘हो’ म्हणतो. तेव्हा दुसरा चरण पुन्हा म्हणायला लावायचा: ‘दोन वस्तूंवर जाती’. इथली दोन्ही बले एकाच पुस्तकावर आहेत, तेव्हा ही जोडी नव्हे. ही संतुलित बले आहेत आणि पुस्तक जागचे हलत नाही ते पहिल्या नियमाने. पृथ्वीच्या ओढीचा खरा जोडीदार शोधायचा तर पुस्तक पृथ्वीला तितक्याच जोराने वर ओढते असे म्हणावे लागेल, आणि टेबलाच्या रेट्याचा जोडीदार म्हणजे पुस्तकाने टेबल खाली दाबणे.