बँकेचा आकडा वेगळा, रिटर्नमधला वेगळा

डिसेंबर 2024 मध्ये अनेकांच्या मोबाइलवर आयकर खात्याचा संदेश आला. 2023-24 या वर्षाच्या रिटर्नमध्ये तुम्ही दाखवलेलं उत्पन्न आणि बँकांकडून आमच्याकडे आलेली माहिती जुळत नाही, पोर्टलवर जाऊन पाहा, असा त्याचा आशय. ज्यांनी आयुष्यभर वेळेवर कर भरला, तेही गडबडले. कुणी थेट सीएला फोन लावला, कुणी संदेश पुसून टाकला.

पहिली गोष्ट म्हणजे असा संदेश आणि कायदेशीर नोटीस या दोन वेगळ्या चिजा आहेत. व्याज आणि लाभांशाच्या तफावतीबद्दल खात्याने फेब्रुवारी 2024 मध्ये अशीच मोहीम काढली, तेव्हा हा निव्वळ संपर्क आहे, नोटीस नव्हे, असा खुलासाही केला होता. खरी नोटीस कायद्याच्या एखाद्या कलमाखाली येते, तिच्यात उत्तराची मुदत असते आणि एक दस्तऐवज क्रमांक असतो. तो क्रमांक खरा आहे का, हे पोर्टलवर लॉगिन न करताही तपासता येतं. संदेशातल्या लिंकवर मात्र बोट ठेवू नये. incometax.gov.in हा पत्ता स्वतः टाइप करावा, कारण खोटे संदेश पाठवणाऱ्यांनाही या मोहिमांच्या तारखा ठाऊक असतात.

आता बँक कळवते काय? वर्षभरात तुमच्या नावावर जमा झालेलं किंवा साठलेलं व्याज, तुमच्या पॅनखाली. टीडीएस कापला असो वा नसो. ही सगळी माहिती पोर्टलवर वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे ‘एआयएस’मध्ये दिसते. दहा लाख किंवा त्याहून जास्त रकमेच्या नव्या मुदत ठेवी केल्या असतील तर त्यांची मुद्दलही तिथे असते. ती पाहून घाबरण्याचं कारण नाही, मुद्दल म्हणजे उत्पन्न नव्हे. ती कुठून आली एवढं सांगता आलं पाहिजे.

सांगलीतल्या एका निवृत्त लिपिकाचं उदाहरण घेऊ. माणूस काल्पनिक आहे, गोंधळ मात्र नेहमीचा. वय 67, जुनी करप्रणाली, सगळ्या वजावटी जाऊन करपात्र उत्पन्न पाच लाखांच्या थोडं वर. रिटर्नमध्ये त्यांनी व्याज दाखवलं 1,03,400 रुपये. एआयएसमध्ये दिसतं 1,77,700. फरक 74,300 रुपयांचा. एवढं उत्पन्न आपण दडवलं, असा एका आकड्यात विचार केला की घाम फुटतो. म्हणून एआयएसमधली प्रत्येक ओळ उघडायची आणि पासबुकाशी ताडून बघायची. बचत खात्याचं 6,200 रुपये व्याज दोन्हीकडे सारखंच निघालं. उरलेला फरक तीन ठिकाणचा होता.

पहिली ठेव राष्ट्रीयीकृत बँकेतली, दर तिमाहीला व्याज देणारी. वर्षाचं व्याज 1,08,000, त्यातून दहा टक्के टीडीएस 10,800, पासबुकात जमा 97,200. काकांनी पासबुकातला आकडा उचलून रिटर्नमध्ये टाकला. चुकलं इथेच. उत्पन्न 1,08,000 दाखवायचं आणि कापलेला टीडीएस भरलेला कर म्हणून वळता करून घ्यायचा. त्यांनी टीडीएसचं श्रेय तर पूर्ण घेतलं, पण उत्पन्न कापून दाखवलं.

दुसरी ठेव दुसऱ्या बँकेत, पाच लाखांची, व्याज मुदतीच्या शेवटी मिळणारी. वर्षभरात तिच्यावर साधारण 35,500 रुपये व्याज साठलं. ज्येष्ठांसाठी तेव्हा 50,000 पर्यंतच्या व्याजावर टीडीएस नव्हता, त्यामुळे कपात झाली नाही आणि पासबुकातही नोंद नाही. ‘टीडीएस कापला नाही म्हणजे कर नाही’ ही आपल्याकडची सर्वात चिवट गैरसमजूत. 15 एच फॉर्म दिला म्हणजे व्याज करमुक्त झालं, ही तिचीच बहीण. टीडीएसची मर्यादा फक्त बँकेने केव्हा कापायचं हे ठरवते. कर लागतो की नाही, हे तुमच्या एकूण उत्पन्नावरून ठरतं.

इथे एक बारकावा आहे. असं साठणारं व्याज दरवर्षी दाखवावं की हातात पडेल तेव्हा एकदम, यांपैकी कोणतीही पद्धत कायद्याला चालते. अट एवढीच की एक धरली की तीच धरून राहायचं. माझं मत विचाराल तर दरवर्षी दाखवावं. बँक दरवर्षी कळवणारच आहे, आणि पाच वर्षांचं व्याज एकाच वर्षी अंगावर घेतलं तर वरच्या दराचा कर लागण्याची शक्यता असते. काकांनीही तेच ठरवलं.

तिसरी ठेव सहकारी बँकेत, पती-पत्नीच्या संयुक्त नावाने, आणि 28,000 रुपये व्याज. पैसे काकूंचे, त्यांच्या स्वतःच्या पगारातून साठवलेले, आणि व्याज त्यांनी आपल्या रिटर्नमध्ये दाखवलेलंही होतं. पण ठेवीवर पहिलं नाव काकांचं, म्हणून नोंद त्यांच्या पॅनवर पडली. हे उत्पन्न काकांचं नाहीच. मात्र हेच पैसे काकांनी काकूंना दिलेले असते, तर व्याज काकांच्याच उत्पन्नात धरलं गेलं असतं, मग नाव कुणाचंही असो.

म्हणजे 74,300 पैकी खरोखर राहिलेलं उत्पन्न 46,300 रुपये. बँकव्याजावरची ज्येष्ठांची 50,000 ची वजावट आधीच पूर्ण वापरलेली होती. वीस टक्क्यांनी कर 9,260, उपकर धरून साधारण 9,630 रुपये.

संयुक्त ठेवीसाठी एआयएसमध्ये त्या ओळीपुढे `Information relates to other PAN/Year` हा पर्याय निवडून काकूंचा पॅन दिला. खातं मग बँकेला विचारतं आणि बँकेने काय कळवलं ते तिथेच दिसतं. एकच व्याज दोनदा दिसत असेल, तर त्यासाठी वेगळा पर्याय आहे. पण बरेच जण इथेच थांबतात. एआयएसवर अभिप्राय दिल्याने भरलेलं रिटर्न बदलत नाही. राहिलेल्या 46,300 साठी सुधारित रिटर्न भरावंच लागलं. त्या वर्षी त्याची मुदत आधी 31 डिसेंबर 2024 होती, नंतर 15 जानेवारी 2025 पर्यंत वाढवली गेली. काकांनी डिसेंबरातच काम उरकलं.

ती मुदत हुकली असती तर अद्ययावत रिटर्नचा रस्ता उरला असता. तो महागडा आहे. कर आणि व्याज मिळून होणाऱ्या रकमेवर पहिल्या वर्षात 25 टक्के जादा, म्हणजे काकांना जवळपास 2,400 रुपयांचा भुर्दंड. दुसऱ्या वर्षात तोच जादा कर 50 टक्के. एप्रिल 2025 पासून हा रस्ता चार वर्षं खुला राहतो, पण पुढे दर 60 आणि 70 टक्क्यांवर जातो. आणि त्यातून कर कमी करून घेता येत नाही, परतावाही मागता येत नाही. काहीच केलं नाही आणि तपासणीत उत्पन्न कमी दाखवलेलं निघालं, तर बुडालेल्या कराच्या निम्मा दंड होऊ शकतो. जाणूनबुजून चुकीचं दाखवलं असेल तर दुप्पट.

आणि एआयएसमधलंच चुकीचं असेल तर? तसंही होतं. बँकेने पॅन चुकवलेला असतो, किंवा मार्चमधलं व्याज पुढच्या वर्षात टाकलेलं असतं. अशा वेळी बँकेचं व्याजाचं प्रमाणपत्र, ठेवीची पावती आणि खातेउतारा जपून ठेवावा. आपला आकडा बरोबर असेल तर केवळ एआयएसशी जुळावं म्हणून जास्त उत्पन्न दाखवू नये.

काकूंच्या ठेवीचं काम मात्र पोर्टलवर संपलं नाही. बँकेत जाऊन व्याज त्यांचं असल्याचं लेखी कळवावं लागलं, आणि ठेवीचं नूतनीकरण होताना त्यांचं नाव पहिलं लावून घेतलं.