खोबरं वाटीतच राहू द्या

नारळ फोडल्यावर सुरी घेऊन खोबऱ्याचे तुकडे उचकटत बसायचं, हाताला एखादा काप लावून घ्यायचा आणि मग ते तुकडे मिक्सरमध्ये फिरवायचे, ही पद्धत आता इतकी रुळली आहे की नारळ म्हटलं की अनेकांना आधी कटकटच आठवते. कोकणात आणि गोव्यात रोजच्या स्वयंपाकाला नारळ लागतो, पण तिथल्या जुन्या स्वयंपाकघरात खोबरं करवंटीतून वेगळं काढण्याचा प्रश्न सहसा येतच नाही. नारळाची दोन भकलं करायची, एक भकल दोन्ही हातांत धरायचं आणि थेट खवणीवर खवायचं. करवंटी कठीण असते, गोल असते, तळहातात नीट बसते आणि बोटं दात्यांपासून लांब ठेवते. तिच्याइतकी चांगली मूठ कुणी वेगळी करून देणार नाही. ती आधीच काढून टाकली, की पुढचं सगळं काम अवघड होतं.

अर्थात त्याआधी नारळ नीट फुटायला हवा आणि त्याहीआधी तो नीट निवडलेला हवा. खवायला लागतो तो पक्का नारळ, म्हणजे झाडावर अकरा-बारा महिने राहिलेला. कानाशी धरून हलवला की आत पाणी खळखळ वाजतं आणि हाताला वजन लागतं. कोवळ्या नारळाचं खोबरं खवणीवर धरलं, तर कण पडत नाहीत, ओल्या मऊ चिंध्या निघतात. पाणी अजिबात वाजत नसेल, तर करवंटीला कुठे बारीक चीर गेली आहे का ते पाहावं. चीर नसेल तर तो नुसता जुना झालेला असू शकतो. अशा नारळाचं खोबरं चटणीला चालतं, सोलकढीला नाही. शेंडी थोडी बाजूला करून डोळ्यांकडे नजर टाकावी. तिथे ओल किंवा बुरशी दिसली, तर तो नारळ दुकानदाराला परत द्यावा. शेंडी दुकानातच साफ करून घ्यायची हौस मात्र नको. डोळे ही नारळाची सगळ्यात नाजूक जागा, आणि शेंडी तिचं झाकण आहे. ती काढायची नारळ फोडायच्या वेळी.

शेंडी काढली की तीन डोळे दिसतात. त्यातले दोन टणक असतात आणि एक मऊ, कारण कोंब त्यातूनच बाहेर येणार असतो. या डोळ्यांच्या मधून करवंटीवर तीन उंचवटे निघतात आणि पोटावरून जाऊन खालच्या टोकाला एकत्र मिळतात. नारळ फोडताना हे उंचवटे आडवे तोडायचे असतात. डावा तळहात खोलगट करून त्यात नारळ आडवा धरायचा, डोळे एका बाजूला आणि टोक दुसऱ्या बाजूला. मग दोहोंच्या बरोबर मध्ये, पोटावर, कोयत्याच्या पाठीने किंवा लोखंडी बत्त्याने ठोका द्यायचा. धारेने नाही, पाठीनेच. धार घसरते आणि घसरली की थेट मनगटाकडे येते. ठोका दिला की नारळ थोडा फिरवायचा, पुन्हा त्याच रेषेवर ठोका, पुन्हा फिरवायचा. ठोके फार जोराचे नकोत. एकाच जागी ताकद लावली तर करवंटीचे तीन-चार वेडेवाकडे तुकडे होतात, आणि तसे तुकडे खवणीवर धरता येत नाहीत. फिरवत फिरवत ठोकलं तर एका फेरीतच आवाज बदलतो. आधीचा टणटणीत आवाज भदभदीत होतो. चीर पडली, याची ती खूण. खाली पातेलं ठेवलेलंच असावं, कारण त्याच क्षणी पाणी झिरपायला लागतं. चीर पडल्यावर दोन्ही अंगठे तिथे रोवून नारळ उघडायचा.

हातात धरून ठोकायची भीती वाटत असेल, तर दगडी पायरीवर किंवा ओट्याच्या कडेवर नारळाचं पोट आपटून, फिरवत फिरवत फोडला तरी चालतो. फक्त पाणी गोळा करायला मऊ डोळा आधी सळईने टोचून घ्यावा.

ते पाणी एक घोट चाखून पाहायचं, आणि हे टाळायचं नाही. पाणी आंबूस किंवा साबणासारखं लागलं, तर खोबरंही बिघडलेलं निघण्याची शक्यता फार. भकलाच्या आत बोट फिरवलं आणि बुळबुळीत लागलं, खोबरं पिवळट दिसलं किंवा खवट वास आला, तर तो नारळ कुठल्याच पदार्थात घालू नये. एका खवट नारळाने अख्खा रस्सा जातो. आत कोंबाचा पांढरा मऊ गोळा निघाला तर घाबरायचं कारण नाही. तो गोड असतो, मुलं त्यावर तुटून पडतात. पण त्या गोळ्याने खोबऱ्यातलाच कस ओढून घेतलेला असतो, म्हणून अशा नारळातून चव कमी पडतो.

आता खवणी. विळीच्या पात्याच्या टोकाला असते ती दातेरी गोल चकती. विळी पाटावर बसवलेली असते. एक पाय दुमडून पाटावर दाबून बसलं की विळी हलत नाही. गोव्यातल्या आदोळीची रचनाही अशीच, आणि तिथेही माणसाच्या वजनानेच अवजार स्थिर राहतं. ओट्याला चिकटवायच्या, हँडल फिरवायच्या खवण्याही मिळतात. त्या वाईट नाहीत, पण त्यांचं बूड ओलं झालं की सुटतं, आणि किती खोलवर खवलं जातंय ते हाताला नीट कळत नाही.

भकल खवणीवर धरताना बोटं करवंटीच्या बाहेरच्या बाजूला, पाठीवर असावीत. सुरुवात काठापासून करायची. नवखा माणूस हमखास मधून सुरू करतो, कारण तिथे दाते सहज बसतात. पण मध्ये खड्डा पडला की काठाला खोबऱ्याची कड उभी राहते आणि नंतर तिचे जाड तुकडे तुटून परातीत पडतात. काठावरून सुरू केलं, की दर वेळी पातळ थर निघतो. दाते खोबऱ्याला लावायचे, भकल स्वतःकडे थोडं खाली ओढायचं, उचलायचं, अंगठ्याच्या रुंदीएवढं फिरवायचं, पुन्हा ओढायचं. ओढ आखूड हवी. लांब ओढ घेतली की दाते खोल शिरतात आणि चवाऐवजी काप निघतात. काठाची फेरी झाली की त्याखालची, मग त्याखालची, असं बुडाशी जायचं. खाली परातीत पडणारा चव पांढरा, भुरभुरीत आणि किंचित ओलसर दिसला, तर हात बरोबर चाललाय असं समजावं.

खरं कौशल्य आहे ते थांबण्यात. पांढरं खोबरं आणि करवंटी यांच्यामध्ये तपकिरी रंगाची पातळ साल असते. खोबऱ्याची जाडी साधारण एक सेंटिमीटर, त्यामुळे ही साल वाटते त्यापेक्षा लवकर येते. ती खवली गेली की चवात करडे ठिपके दिसतात, चव किंचित तुरट होते आणि सोलकढीचा गुलाबी रंग मळकट होतो. साल जवळ आली हे डोळ्यांआधी हाताला कळतं. मऊ खोबऱ्यावर सरकणारे दाते जरा अडखळायला लागतात आणि आवाज खरखरीत होतो. तिथे ओढ हलकी करायची आणि भकल फिरवायचं. मालवणकडच्या आमच्या आत्याचा नियम साधा आहे: परातीत पहिला करडा ठिपका दिसला की परात बदलायची. उरलेलं सालीपर्यंतचं खोबरं ती दुसऱ्या ताटलीत खवते आणि कांद्याबरोबर भाजून वाटपात घालते. भाजल्यावर सगळं तपकिरीच होणार असल्यामुळे तिथे त्या ठिपक्यांना कुणी विचारत नाही.

एकवीस उकडीच्या मोदकांचा हिशोब घेऊन बघू. मध्यम आकाराच्या पक्क्या नारळातून दोन ते अडीच वाट्या पांढरा चव निघतो. दोन वाट्या चवाला एक वाटी गूळ धरला, तर लहान आकाराच्या मोदकांना एका नारळाचं सारण जेमतेम पुरतं. मोठे, भरगच्च मोदक हवे असतील किंवा नारळ कसा निघेल याची खात्री नसेल, तर दोन नारळ फोडावेत. त्यात पांढरा चव आधी सगळा सारणाला काढून ठेवायचा आणि ठिपक्यांचा भाग वेगळा. नारळ जुना असेल तर चव कोरडा निघतो. अशा वेळी सारण लवकर घट्ट होतं, म्हणून ते थोडं आधीच आचेवरून उतरवावं.

घरात खवणीच नसेल, तर मात्र खोबरं करवंटीतून काढावं लागतं. त्याची युक्ती पाण्यात आहे. ताज्या पक्क्या खोबऱ्याच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असतं आणि ते ओलं असेपर्यंत करवंटीला घट्ट धरून राहतं. पाणी कमी झालं की खोबरं आकसतं आणि सुटतं. गोटा खोबऱ्याचा नारळ महिनोन् महिने ठेवल्यावर आतला गोटा आपोआप सुटून वाजायला लागतो, तो याच कारणाने. घरी तेवढं थांबायचं नसतं. म्हणून भकल करवंटीच्या बाजूने थेट गॅसच्या मध्यम आचेवर दोन-तीन मिनिटं धरायचं. चिमटा वापरायचा आणि शेंडीचे राहिलेले धागे आधी काढून टाकायचे, नाहीतर ते पेटतात. करवंटी काळवंडून बारीक तडतड ऐकू आली की खाली उतरवायचं आणि थंड होऊ द्यायचं. मग बोथट सुरी काठातून आत सरकवून उचकटलं, की मोठे तुकडे सुटतात. टोकदार सुरी अजिबात नको. ती खोबऱ्यातून आरपार जाते आणि भकल धरलेला हात पलीकडेच असतो.

सुटलेल्या तुकड्याला ती तपकिरी साल चिकटलेलीच असते. किसायच्या आधी ती सोलून काढू नका. तुकड्याची फुगीर, सालीची बाजू तळहाताकडे ठेवून पांढरी बाजू किसणीवर फिरवली, की सालच थांबायची खूण देते आणि पकडही मिळते. शेवटचा चिंचोका-एवढा तुकडा किसायचा हट्ट धरू नये, तो तसाच खाऊन टाकावा. किसणीवरचा कीस जरा लांबट आणि कोरडा निघतो. कोशिंबिरीवर, पोह्यांवर तो छान दिसतो. नारळाचं दूध काढायचं असेल, तर खवणीचा चव जास्त बरा, कारण दात्यांनी खोबरं बारीक फाडलेलं असतं आणि पिळल्यावर दूध लवकर सुटतं.

एकच भकल वापरायचं असेल, तर डोळ्यांकडचं आधी वापरावं, तेच आधी खराब होतं. दुसरं झाकून फ्रिजमध्ये ठेवलं तर दोन-तीन दिवस टिकतं. खवलेला चव लवकर आंबतो, त्यामुळे लगेच लागणार नसेल तर तो फ्रीझरमध्येच टाकावा. काम झाल्यावर खवणी लगेच धुवून पुसावी. दात्यांमध्ये अडकलेलं खोबरं सुकलं की खवट होतं, पुढच्या नारळाला तोच वास लागतो, आणि लोखंडी दाते ओले राहिले तर गंजतात.