नव्या शिक्षकाची पहिली वही: हजेरीपत्रक

आजच्या भागात आपण नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांच्या हाती द्यायच्या पुस्तिकेबद्दल बोलणार आहोत. मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत मुख्याध्यापक आहे, आणि आमच्याकडे येणाऱ्या नव्या शिक्षकांसाठी अशी पुस्तिका मी तयार केली आहे. तिच्यात रजेचे नियम आहेत, दाखल्यांचे आहेत, पोषण आहाराचे आहेत. पण पहिली चार पाने मी एकाच वहीला दिली आहेत, ती म्हणजे वर्गाचे हजेरीपत्रक. काही ठिकाणी त्याला कॅटलॉग म्हणतात. तुम्ही महाराष्ट्रात असा, गुजरातेत असा की कर्नाटकात, नाव बदलेल, वही हीच राहील.

हीच वही पहिली का, तर बाकीच्या बऱ्याच नोंदी तिच्यावर उभ्या असतात. एक उदाहरण घेऊ. चौथीचा पट 31 आहे. शिक्षकाने घाईत 29 हजर लिहिले, पण जेवायला बसली 26 मुले. पहिली ते पाचवीला दर मुलामागे रोज 100 ग्रॅम धान्य धरलेले असते. म्हणजे कागदावर 300 ग्रॅम तांदूळ जास्त शिजला. महिन्याचे 24 दिवस असेच गेले, तर 7 किलो 200 ग्रॅम. शेवटी पोत्यातला तांदूळ आणि साठा नोंदवही जुळत नाही, आणि मग ती जुळवण्यासाठी दुसरी खोटी नोंद करण्याचा मोह होतो. म्हणून पुस्तिकेत नियम एवढाच आहे: हजेरी परिपाठानंतर, ठरलेल्या वेळी, मुलाचे तोंड पाहून घ्यायची. "नंतर भरू" म्हणून चौकोन कोरा ठेवायचा नाही. चुकले तर व्हाइटनर लावायचा नाही. एक आडवी रेघ मारून, शेजारी योग्य खूण करून, सही करायची. खालची नोंद वाचता आली पाहिजे, कारण तपासणाऱ्याला चुकीपेक्षा लपवाछपवीचा संशय जास्त येतो.

महिनाअखेरीला एक पडताळा घ्यायचा. 31 मुले गुणिले 24 दिवस, म्हणजे 744. प्रत्येक मुलाचे हजर दिवस आडवे मोजून बेरीज आली 662, गैरहजर दिवसांची 82. दोन्ही मिळून 744, ठीक. आता रोजची हजेरी उभी मोजून तिचीही बेरीज घ्या. तीही 662 यायला हवी. ती 665 आली, तर बेरीज तरी चुकली आहे किंवा एखाद्या दिवशीचा खालचा आकडा वरच्या खुणांशी जुळत नाही. तो दिवस शोधूनच सरासरी काढायची. 662 भागिले 24, म्हणजे साधारण 27.6.

इथवर झाला हिशेब. पण ही वही मुख्यतः मूल कुठे आहे हे कळण्यासाठी असते. मराठवाड्यात दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणारी कुटुंबे गाव सोडतात. काही पश्चिम महाराष्ट्रात जातात, काही सीमेपलीकडे कर्नाटकात. समजा, दिवाळीची सुट्टी संपली आणि चौथीतली एक मुलगी आली नाही. नव्या शिक्षकाने काय करायचे, ते पुस्तिकेत दिवसवार लिहिले आहे.

पहिल्या दिवशी गैरहजेरी मांडायची आणि शेजारच्या मुलांना विचारायचे. दुसऱ्या दिवशी पालकांना फोन. तिसऱ्या दिवशी घरी जायचे. घरी आजी भेटली, म्हणाली, "बेळगावकडच्या कारखान्यावर गेलीत समदी." हे वाक्य हजेरीपत्रकाच्या शेरा रकान्यात तारखेसह लिहायचे: कोणाला भेटलो, काय कळले. त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगायचे.

पुढचे काम एकट्या शिक्षकाचे नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी महाराष्ट्रात शिक्षण हमी पत्रक असते. ते भरून पालकांपर्यंत पोचवायचे, बरेचदा मुकादमाचा फोन हाच मार्ग असतो. त्यासोबत यू-डायस प्लसवरचा मुलीचा कायम शिक्षण क्रमांकही द्यायचा. ही नोंद देशभर एकच असल्याने दुसऱ्या राज्यातल्या शाळेलाही मूल शोधता येते. कारखान्याजवळच्या शाळेशी मुख्याध्यापक किंवा केंद्रप्रमुख बोलतात. बेळगाव जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत, म्हणून तेवढे विचारून घ्यायचे. "आधी दाखला आणा" असे कोणी म्हटले, तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम 5 दाखवायचे. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही.

इथे नवे शिक्षक एक प्रश्न हमखास विचारतात: "सर, महिना झाला, नाव कमी करू का?" नाही. त्याच कायद्याच्या कलम 16 प्रमाणे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. दुसऱ्या शाळेत प्रवेश झाल्याचे लेखी कळले, की मुख्याध्यापक जनरल रजिस्टरमध्ये नोंद घेऊन मगच नाव कमी करतात. वर्गशिक्षकाने स्वतःच्या पेनाने पटावरचे नाव खोडायचे नाही. नाव खोडले, की सरासरी हजेरी सुधारलेली दिसते आणि ते मूल कोणत्याच शाळेच्या पटावर उरत नाही.

या मार्गाला मर्यादा आहेत. फडावरची पाल हलत राहते, शाळा लांब असते, फोन लागत नाही. म्हणून खरे काम सुट्टीआधीच करायचे. गेल्या वर्षीचे हजेरीपत्रक काढून दिवाळीनंतर सलग गैरहजर राहिलेल्यांची नावे काढा आणि ती शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठेवा. या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, त्यामुळे कोण जाणार आणि कोणाच्या घरी आजी-आजोबा राहणार, हे तिथे लगेच कळते. मूल गावात राहू शकत असेल, तर हंगामी वसतिगृहाची मागणी केंद्रप्रमुखांमार्फत वेळेत करता येते.

कोणाकडे जायचे, याचा क्रम पुस्तिकेत असा आहे: आधी पालक, मग मुख्याध्यापक, मग समिती आणि केंद्रप्रमुख, त्यानंतर गटशिक्षणाधिकारी. तुमच्या राज्यात पदांची नावे वेगळी असतील. रुजू झालेल्या दिवशीच ती विचारून, फोन नंबरसह वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

या क्रमाला एक अपवाद आहे. गैरहजेरीची चौकशी करताना मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, किंवा तशी शंका आली, तर परवानगीची वाट पाहायची नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि न कळवणे हा गुन्हा आहे. मुलांच्या मदतीसाठी 1098 हा क्रमांकही आहे. मुख्याध्यापकांना सांगा, पण त्यांना सांगितले म्हणून तुमची जबाबदारी संपत नाही. मुलाची खोदून चौकशी करू नका आणि वर्गाच्या हजेरीपत्रकात यातले काहीही लिहू नका, कारण ती वही अनेकांच्या हातात जाते.

पुढच्या भागात जनरल रजिस्टर पाहू. त्यातली जन्मतारीख दुरुस्त करायची झाली, तर ती कोणी आणि कशी करायची, तिथून सुरुवात करू.