डावा कोपरा नेमका कुणाचा?

यंदाच्या हंगामाआधी आमच्या कबड्डी मंडळाच्या मोबाइलवर सहा आठवड्यांच्या सरावाचा आराखडा येऊन पडला. इंग्रजीवरून मराठीत उतरवलेला. मिरर ड्रिल म्हणे 'प्रतिबिंब अनुकरण कवायत', आणि अँकल होल्ड म्हणजे 'घोटाबंधन'! पोरं हसली आणि फोन खिशात गेले. 2014 पासून असे आराखडे मराठीत आणण्यात घासलेल्या माणसाला हे झोंबणारच, म्हणून हा मागोवा.

त्याआधीच्या काळाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. 1990 साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी पदकाचा खेळ झाली, तरी आमच्या गावात सराव म्हणजे मैदानाला फेऱ्या, जोर-बैठका आणि लगेच दोन बाजू पाडून सामना. कागदच नव्हता, तर भाषांतर कशाचं करणार?

2014 साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि सरावाचे इंग्रजी कागद यायला लागले. इंग्रजी वाचता येतं म्हणून ते माझ्या गळ्यात पडले. गावात लगेच दोन तट झाले. एकाला सगळं शुद्ध मराठीत हवं होतं. दुसरा म्हणे, टीव्हीवर बोलतात तेच ठेवा, पोरं स्मार्ट दिसतात. मैदानावर उतरून ओरडायची वेळ मात्र दोघांपैकी कुणावरच येत नव्हती.

आम्ही साधा मार्ग धरला. चढाई, पकड, निदान रेषा, बोनस, लोण, कोपरा हे मैदानात आधीपासून रुळलेले शब्द तसेच राहिले. सेट, कोन, लॅडर, ब्लॉक, कव्हर हेही पोरांच्या तोंडी होते, त्यांना हात लावला नाही. नवं नाव फक्त नव्या प्रकाराला दिलं. दोघं समोरासमोर उभे राहून एकाने दुसऱ्याच्या हालचाली जशाच्या तशा करायच्या, तो 'आरसा'. समोर कुणी नसताना एकट्याने चढाई करायची, ती 'सावली'. नावाखाली तीन गोष्टी असायच्याच: कोण कुठे उभा, सुरुवात कशावर, संपलं कधी. या तीन गोष्टी नसतील तर कितीही सुंदर नाव फुकट.

खरा घोळ नावांत नव्हताच, दिशांत होता. कोपरा-कव्हर जोडीचा सराव घ्या. मूळ कागदात एवढंच होतं, की चढाईपटूने लेफ्ट कॉर्नरवर जायचं, कॉर्नरने घोटा धरायचा आणि कव्हरने वाट अडवायची. एका उत्साही माणसाने ते उतरवलं, 'चढाईपटूने डावीकडे जावे'. पण डावा कोपरा बचाव करणाऱ्याच्या डाव्या हाताचा. मध्यरेषेकडून येणाऱ्याला तो उजव्या हाताला दिसतो. पोरगा शब्दाला जागून आपल्या डावीकडे, म्हणजे उजव्या कोपऱ्यावर गेला, आणि ज्या जोडीचा सराव घ्यायचा ती दुसऱ्या टोकाला हात चोळत उभी राहिली. चूक ओळखायची खूण हीच: पहिल्याच चढाईत जोडी रिकामी राहिली, तर पोरांवर ओरडण्याआधी कागद बघावा.

मग आम्ही तो असा लिहिला: 'चढाईपटू निदान रेषा ओलांडून डाव्या कोपऱ्याच्या खेळाडूकडे पाय टाकेल. पाय पडला की कोपरा घोटा धरेल. त्याच क्षणी डावा कव्हर चढाईपटू आणि मध्यरेषा यांच्या मधे येऊन ब्लॉक करेल. चढाईपटू मध्यरेषेला पोचला किंवा दम तुटला की थांबा.' शेजारी सात जागांचा आराखडा आणि बाण. इंग्रजीतली एक ओळ मराठीत चार झाली, पण प्रश्न विचारायला कुणी आलं नाही.

दुसरी भानगड आज्ञांची. त्याच गृहस्थांनी 'होल्ड पोझिशन' आणि 'अँकल होल्ड' या दोन्हींना 'धरा' लिहिलं होतं. प्रशिक्षक जागा सोडू नका म्हणून 'धरा' ओरडले, की कोपरा वेळेआधीच पायावर झेपावायचा आणि चढाईपटू हात मारून मोकळा. तेव्हापासून जागेसाठी 'थांब' आणि पकडीसाठीच 'धर'. तसंच विश्रांतीच्या रकान्यात 'दम खा' कधी लिहिलं नाही, कारण मैदानावर दम म्हणजे चढाईतला कबड्डी-कबड्डीचा उच्चार. तिथे सरळ 'एक मिनिट बसा'.

आता वरून येणारे आराखडे गुळगुळीत आणि रंगीत असतात. भाषांतर करणाऱ्याने कधी अंगाला माती लावून घेतली असेल, असं त्यातून वाटत नाही. हे कागद पाठवणाऱ्यांना एकच विनंती: छापण्याआधी तुमचा आराखडा एखाद्या गावच्या प्रशिक्षकाला मैदानात मोठ्याने वाचायला द्या, आणि पोरं ज्या ओळीवर एकमेकांच्या तोंडाकडे बघतील ती ओळ पुन्हा लिहा.