अंघोळीत हाताला लागलेली गाठ

वृषणातली गाठ पुष्कळदा अंघोळीच्या वेळीच सापडते. कोमट पाण्याने अंडकोशाची कातडी सैल पडते, साबणामुळे बोटे सहज सरकतात आणि एरवी न जाणवणारा उंचवटा हाताला लागतो. दुखत नाही म्हणून ‘बघू नंतर’ असे म्हटले जाते. पण वृषणाचा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखत नाही, आणि तो मुख्यतः १५ ते ४० या वयात होतो. अंडकोशातल्या बहुतेक गाठी साध्या असतात हे खरे, तरी ती साधी आहे की नाही हे दुखण्यावरून ठरवता येत नाही. ते ठरते दोन गोष्टींवरून: गाठ वृषणाच्या आत आहे की बाहेर, आणि तिच्यात पाणी आहे की ती भरीव आहे.

उदाहरणार्थ, २८ वर्षांच्या एका तरुणाला उजव्या वृषणाच्या पुढच्या बाजूला हरभऱ्याएवढा टणक भाग लागतो. तो सर्जन किंवा युरॉलॉजिस्टकडे जातो. गाठ कधी लक्षात आली, ताप किंवा लघवीला जळजळ आहे का, लहानपणी वृषण खाली उतरला नव्हता म्हणून ऑपरेशन झाले होते का, वडिलांना किंवा भावाला असा आजार होता का, हे डॉक्टर विचारतात. क्रिकेटचा चेंडू लागल्याचे अनेकांना आठवते; मात्र माराने कर्करोग होत नाही, माराच्या निमित्ताने हात तिकडे जातो आणि आधीपासून असलेली गाठ सापडते.

तपासणी आडोशाला, आधी उभे करून आणि मग झोपवून होते. उभे राहिल्यावर फुगलेल्या शिरा आणि हर्निया नीट कळतात. डॉक्टर आधी निरोगी बाजू तपासतात, म्हणजे त्या माणसाचा वृषण मुळात कसा आहे ते समजते. एक वृषण थोडा खाली असणे किंवा किंचित मोठा असणे स्वाभाविक आहे. अंगठा आणि दोन बोटांमध्ये वृषण हळूच फिरवला जातो. त्याच्या मागच्या बाजूला शुक्राणू साठवणारी मऊ, वळणदार नळी असते; घाबरून येणाऱ्या कितीतरी जणांची ‘गाठ’ म्हणजे हीच नळी निघते. गाठ आणि वृषण यांच्यामध्ये बोट शिरले, तर ती बहुधा बाहेरची असते. मोठ्या सुजेवर अंधारात टॉर्च धरतात. प्रकाश लालसर होऊन आरपार आला, तर आत पाणी, म्हणजे बहुधा हायड्रोसील असते. पण हायड्रोसीलच्या आड लहान गाठ दडू शकते, म्हणून तरुण माणसात केवळ टॉर्चवर थांबू नये. पोट, मान आणि छातीही पाहतात, कारण काही गाठींच्या हार्मोनमुळे पुरुषाच्या स्तनांना सूज येते.

या तरुणाची गाठ वृषणापासून सुटी होत नाही. म्हणून सोनोग्राफी लगेच होते. तिला उपाशी राहावे लागत नाही, इंजेक्शन नसते, क्ष-किरणही नसतात. अंडकोशाखाली टॉवेलची घडी ठेवतात, शिश्न पोटावर उचलून झाकतात, थंडगार जेल लावतात आणि यंत्राची मूठ दोन्ही बाजूंवर अलगद फिरवतात. पंधरा-वीस मिनिटे लागतात. पाण्याची पिशवी पडद्यावर काळीभोर आणि रेखीव दिसते. निरोगी वृषण एकसारखा राखाडी दिसतो. या तरुणाच्या वृषणाच्या आत अधिक गडद, भरीव भाग दिसतो आणि डॉपलरवर त्यात रक्तप्रवाह आढळतो. अशी गाठ, वेगळे सिद्ध होईपर्यंत, कर्करोगाचीच मानतात. मात्र सोनोग्राफी कर्करोगाचा प्रकार सांगू शकत नाही.

त्यानंतर रक्तात एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच तपासतात. हे आकडे ऑपरेशनच्या आधी घेतलेले असले, तरच नंतर ते उतरतात का हे पाहता येते. ते नॉर्मल आले म्हणून कर्करोग नाही असे म्हणता येत नाही. सेमिनोमा या प्रकारात ते अनेकदा नॉर्मलच असतात.

इथे एक चूक घडते: गाठीत सुई घालून तुकडा काढण्याची. अंडकोशाच्या कातडीतून सुई गेली, तर पेशी सांडण्याची आणि लसिकावाहिन्यांचे नवे मार्ग उघडण्याची भीती असते. म्हणून जांघेत चीर देऊन पूर्ण वृषण काढतात आणि तोच पॅथॉलॉजी तपासणीला पाठवतात. दुसरी चूक म्हणजे जंतुसंसर्ग समजून अँटिबायोटिकचे कोर्स लांबवणे. दोन आठवड्यांत सूज उतरली नाही, तर सोनोग्राफी व्हायलाच हवी.

अचानक असह्य दुखू लागले तर गोष्ट वेगळी: वृषणाला पीळ पडलेला असू शकतो आणि तो वाचवायला साधारण सहा तासच हाती असतात, तेव्हा थेट इस्पितळ गाठावे.

ऑपरेशन ठरले, तर त्याआधी वीर्य गोठवून ठेवण्याविषयी विचारावे. दुसरा वृषण निरोगी असेल, तर हार्मोन आणि अपत्यप्राप्ती बहुतेक वेळा त्याच्यावर निभावते. पण पुढे केमोथेरपी लागल्यास शुक्राणू घटू शकतात. गाठ वृषणापुरती असताना सापडली, तर शंभरातले पंचाण्णवहून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात.