प्रमाणपत्रांवरील सुरक्षा-चिन्हे

प्रमाणपत्रांवरील सुरक्षा-चिन्हे म्हणजे पदवीपत्र, गुणपत्रिका यांसारख्या छापील दस्तऐवजांची नक्कल ओळखता यावी म्हणून कागदात व छपाईत योजलेल्या खुणा होत.

जलचिन्ह हे कागद तयार होताना ओल्या लगद्याची जाडी कमी-अधिक करून उमटवतात. कागद प्रकाशासमोर धरल्यास त्याचा पातळ भाग उजळ व जाड भाग गडद दिसतो. फिकट शाईने छापलेले बनावट जलचिन्ह मात्र कागद टेबलावर सपाट ठेवला तरी दिसते.

सूक्ष्ममुद्रणात, उदाहरणार्थ, स्वाक्षरीखालची रेघ डोळ्यांना अखंड वाटते. १० पट भिंगाखाली तीत संस्थेचे नाव वाचता येते. साध्या छायाप्रतीत ही अक्षरे एकमेकांत मिसळून अस्पष्ट रेघ उरते. होलोग्राम तिरपा केल्यास त्यातील रंग किंवा आकृती बदलते. छायाप्रतीत ती स्थिर राहते. उठावाची मुद्रा पुढून उंच, तर मागून खोलगट लागते.

या खुणांवरून कागदाची पारख होते, मजकुराची नव्हे. चोरलेल्या कोऱ्या प्रमाणपत्रावर खोटे नाव छापले, तरी सर्व खुणा अस्सलच आढळतात. म्हणून प्रमाणपत्राचा अनुक्रमांक व त्यावरील नाव ते देणाऱ्या संस्थेच्या नोंदींशी ताडून पाहावे लागते.