बादलीतली जिवंत मरळ आणि तिच्या मांसातली अळी

पहिला मोठा पाऊस झाला की वसई पूर्वेला सातिवलीच्या आसपास ओळखीचे दृश्य दिसू लागते. तुंगारेश्वरच्या डोंगरावरून ओहोळ उतरतात, शेतात पाणी भरते आणि वलगणीचे मासे चढतात. रस्त्याकडेला कुणी बादली घेऊन बसतो. बादलीत चार बोटे पाण्यात मरळ वळवळत असते. मरळ हवेत श्वास घेऊ शकते, त्यामुळे पाण्याबाहेरही ती बराच वेळ जगते, आणि विकणारा ती हातात धरून दाखवतो. एवढा ताजा मासा म्हटल्यावर गिऱ्हाईक भाव फारसा करत नाही.

ताजेपणाचा हा निकष मासा कुजलेला नाही हे सांगायला उत्तम आहे. परजीवी कृमींच्या बाबतीत मात्र त्याचा उपयोग नाही, किंबहुना तो उलटाच पडतो. माशाच्या मांसात कृमीची अळी असेल, तर मासा जिवंत असेपर्यंत तीही जिवंत असते. मासा बर्फावर ठेवला तरी ती मरत नाही, कारण वितळत्या बर्फाचे तापमान शून्य अंशाच्या आसपास असते आणि तेवढ्या थंडीने अळी फक्त मंदावते.

मरळीच्या संदर्भात सर्वात आधी ज्याचे नाव घ्यावे लागते तो कृमी म्हणजे नॅथोस्टोमा. आशियातल्या गोड्या पाण्याच्या माशांत त्याच्या अळ्या सापडतात आणि मरळीच्या जातीचे मासे त्यांचे नेहमीचे वाहक मानले जातात. कृमीचे खरे घर मात्र मासा नाही. पूर्ण वाढलेला कृमी मांजर किंवा कुत्र्याच्या जठराच्या भिंतीत राहतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि पावसाच्या पाण्याबरोबर तळ्यात, ओढ्यात, भातखाचरात पोचतात. तिथे अंड्यातून सूक्ष्म अळी निघते आणि ती सायक्लॉप्स नावाचा पाण्यातला टिपूस जीव गिळतो.

सायक्लॉप्स हे नाव जुन्या पिढीला अनोळखी नसावे. पायातून दोऱ्यासारखा निघणारा नारू याच जीवामुळे होत असे. विहिरीचे पाणी न गाळता प्यायले की सायक्लॉप्स पोटात जाई आणि त्याच्यासोबत नारूची अळी. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांनी तो भोगला. पाणी गाळण्याची सवय, सुरक्षित विहिरी आणि घरोघरचा शोध यांमुळे तो हटला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारताला नारूमुक्त घोषित केले. नॅथोस्टोमाच्या बाबतीत मधे एक पायरी वाढते. सायक्लॉप्सला मासा खातो, अळी माशाच्या आतड्यातून मांसात शिरते, गुंडाळी करून कोषात बसते आणि त्या माशाला मांजर खाईल याची वाट पाहते. लहान माशाला मोठा मासा खातो तेव्हा अळीचा मुक्काम फक्त बदलतो. मरळ शिकारी मासा असल्याने तिच्या मांसात अशा अळ्या साठत जातात.

गोड्या पाण्याचा मासा या बाबतीत वेगळा का, याचे उत्तर या साखळीतच आहे. समुद्राच्या माशांतही कृमी असतात, पण त्यांच्या साखळ्या बहुतेक समुद्रातल्या प्राण्यांमध्येच फिरतात. गावतळे, नाला आणि भातखाचर यांच्या काठावर मात्र मांजर, कुत्रा, डुक्कर आणि माणूस असतो. जमिनीवरच्या प्राण्यांचे कृमी आणि पाण्यातला मासा यांची गाठ अशा उथळ पाण्यात रोज पडते. व्यावसायिक तलावांत पाळलेल्या रोहू-कटल्याच्या बाबतीत धोका कमी धरता येतो, कारण तिथे खाद्य आणि पाणी यांवर काही नियंत्रण असते. शेतात चढलेल्या माशावर ते नसते.

माणसाच्या पोटात ही अळी गेली तर तिला मोठे होता येत नाही. माणूस तिच्यासाठी चुकीचा मुक्काम आहे. म्हणून ती थांबत नाही, जठराची भिंत भेदून यकृतातून, मग त्वचेखालून भटकत राहते. ती जिथे जाते तिथे खाज सुटणारी, दुखरी सूज येते, काही दिवसांनी ती ओसरते आणि दुसरीकडे उठते. हा प्रकार वर्षानुवर्षे अधूनमधून चालू राहू शकतो. क्वचित अळी डोळ्यात किंवा मेंदूत जाते आणि तेव्हा प्रकरण गंभीर होते. भारतातून नोंदल्या गेलेल्या मोजक्या रुग्णांत डोळ्यात अळी सापडल्याच्या घटना आहेत.

अशा जेवणाचा परिणाम किती मोठा असू शकतो, हे म्यानमारमधल्या एका घटनेवरून कळते. तिथे राहणाऱ्या ६० कोरियन लोकांनी एकाच वेळी गोड्या पाण्याचा कच्चा मासा खाल्ला. त्यातल्या ३८ जणांना या कृमीची लक्षणे दिसली. या घटनेचा अहवाल २००३ साली प्रसिद्ध झाला. एका वेळच्या जेवणातून निम्म्याहून अधिक माणसे आजारी पडली, आणि पानात वाढलेला मासा त्यांना दिसायला अगदी चांगला वाटला असणार. मांसातली अळी जेमतेम तीन-चार मिलिमीटर लांब असते. ती कोषात गुंडाळलेली असली तर नजरेला सहज सापडत नाही.

मराठी स्वयंपाकात मासा कच्चा खात नाहीत, म्हणून हा विषय आपला नाही असे वाटणे स्वाभाविक आहे. कालवण नीट उकळले असेल तर ते बरोबरही आहे. अडचण येते ती अर्धकच्च्या प्रकारांत. शेतावरच्या पार्टीत अख्खी मरळ निखाऱ्यावर धरली जाते. दहा मिनिटांत कातडी काळी पडते, मसाल्याचा वास सुटतो आणि मासा झाला असे सगळ्यांना वाटते. पण दोन किलोच्या मरळीचा मधला भाग सहज सहा सेंटिमीटर जाड भरतो, आणि उष्णता मांसातून फार हळू आत जाते. जाडी दुप्पट झाली की गाभ्यापर्यंत तीच उष्णता पोचायला साधारण चौपट वेळ लागतो. दोन सेंटिमीटरची तुकडी उकळत्या रश्शात सहा-सात मिनिटांत आतपर्यंत शिजते. अख्ख्या माशाला चारही बाजूंनी तशीच आच मिळाली तरी अर्ध्या तासाहून अधिक वेळ हवा. निखाऱ्यावर अर्ध्या तासात कातडीचा कोळसा होईल, म्हणून लोक आधीच उतरवतात. काट्यालगतचे मांस तेव्हा जेमतेम कोमट असते.

अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाचा माशासाठीचा निकष गाभ्याचे तापमान ६३ अंश सेल्सिअस असा आहे. घरी थर्मामीटर नसेल तर मधल्या काट्याकडे पाहावे. शिजलेले मांस काचेसारखे न दिसता अपारदर्शक पांढरे होते, सुरीच्या टोकाने पदर सुटतात आणि काटा मांसापासून अलगद वेगळा होतो. काट्याजवळ मांस चिकट, ओलसर आणि किंचित पारदर्शक राहिले असेल तर तुकडी परत रश्शात जायला हवी. तव्यावर रवा लावून तळलेल्या जाड तुकडीचे हेच होते. वरचा रवा लवकर तांबूस होतो आणि त्यावरून आतल्या मांसाचा अंदाज बांधला जातो. आच मंद ठेवून झाकण घालावे किंवा तुकड्याच पातळ कापाव्यात. मायक्रोवेव्हमध्ये एकाच तुकडीत गरम आणि थंड पट्टे राहतात, तिथे निकष आणखी कडक हवा.

लिंबू, चिंच, कोकम, हळद आणि मीठ यांवर मात्र विसंबू नये. आंबट रसात मुरवलेला मासा पांढरा पडतो, कारण आम्ल मांसातल्या प्रथिनांचे रूप बदलते. दिसायला तो शिजल्यासारखा होतो, पण कोषातल्या अळीला त्याचा फारसा त्रास होत नाही. लिंबाच्या रसात नॅथोस्टोमाच्या अळ्या काही दिवस जिवंत राहिल्याचे प्रयोगांत दिसले आहे. ईशान्य थायलंडमध्ये कोई प्ला हा लिंबू पिळलेला कच्च्या माशाचा पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या आवडीने खाल्ला जातो. त्यातून पसरणारा यकृतातला कृमी पित्तनलिकेच्या कर्करोगाचे कारण ठरला आणि १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत केले. तिथे लिंबाने संरक्षण दिले असते तर ही वेळ आली नसती.

गोठवण्याचा उपाय खरा आहे, पण त्याला अटी आहेत. कच्चा खायचा असलेला मासा उणे २० अंशांवर सात दिवस किंवा उणे ३५ अंशांवर घट्ट गोठवून १५ तास ठेवावा, असे अमेरिकी प्रशासनाचे प्रमाण आहे. त्यातही सुमारे १५ सेंटिमीटरहून जाड माशाला ते पुरेसे धरत नाहीत. गोठताना पेशींत बर्फाचे स्फटिक होतात आणि अळीची शरीररचना फाटते. त्यासाठी थंडी गाभ्यापर्यंत पोचावी लागते आणि टिकावीही लागते. यकृतातल्या कृमींचे कोष तर उणे १२ अंशांना आठवडा उलटून गेला तरी काही प्रयोगांत जिवंत सापडले आहेत.

आता घरचा फ्रीज पाहा. एक दरवाजाच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा बहुधा उणे ६ ते उणे १२ अंशांचा असतो. कप्प्यावर एक तारा असेल तर उणे ६, दोन असतील तर उणे १२, तीन असतील तर उणे १८ अशी ती खूण असते. उणे २० च्या निकषाला सर्वसाधारण फ्रीज पोचत नाही. शिवाय पावसाळ्यात वीज गेली की कप्पा वर सरकतो, आणि सात दिवसांचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. म्हणून घरच्या गोठवणीला शिजवण्याचा पर्याय समजू नये. मासा गोठवला तर धोका काही अंशी घटेल, पण वितळल्यावर तो पूर्ण शिजवायलाच हवा. साठवायचा असेल तर तुकड्या दोन-अडीच सेंटिमीटरच्या करून एका थरात ठेवाव्यात. अख्खा मासा गुंडाळून ठेवला तर तो गोठायलाच फार वेळ घेतो.

कापताना विळी, पाट आणि हात यांना लागलेले मांस तसेच कोशिंबिरीच्या काकडीला लागू नये, एवढी खबरदारी पुरे. विळी आणि पाट साबणाने घासून उकळते पाणी टाकावे.

कच्चा किंवा अर्धकच्चा मासा खाल्ल्यानंतर काही आठवड्यांत जागा बदलणारी, खाज सुटणारी सूज आली, तर डॉक्टरांना सुजेबरोबर त्या जेवणाबद्दलही सांगावे. रक्ताच्या साध्या तपासणीत इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी बहुतेकदा वाढलेल्या आढळतात आणि तिथून तपासाला दिशा मिळते. अल्बेंडाझोल किंवा आयव्हरमेक्टिन या औषधांनी उपचार होतो, मात्र एक गोळी घेऊन भागत नाही. अल्बेंडाझोलचा क्रम साधारण तीन आठवडे चालतो आणि पुढेही लक्ष ठेवावे लागते, कारण अळी शांत झाल्यासारखी वाटूनही काही महिन्यांनी सूज पुन्हा उठू शकते. डोळा लाल होऊन दिसायला अंधुक होत असेल तर त्या दिवशीच नेत्रतज्ज्ञ गाठावा.